महिन्याला २००० रुपये, १५ वर्षं: चक्रवाढीचा हिशोब स्वतः कसा मांडायचा

पगार सुरू झाला की पहिल्या दोन-तीन महिन्यांत कोणीतरी सांगतंच, पीपीएफ, म्हणजे सरकारची १५ वर्षांची बचत योजना, चालू कर, चक्रवाढ व्याज मिळतं. मग आपण मोबाईलवर आकडेमोड करतो आणि तिथेच बहुतेकांचं चुकतं. चूक जवळजवळ नेहमी एकच असते: १५ वर्षांत एकूण ३,६०,००० भरणार, त्यावर ७.१ टक्क्यांनी १५ वर्षांची चक्रवाढ लावली, उत्तर आलं दहा लाखांच्या वर. प्रत्यक्षात तितक्याच हप्त्यांचे साधारण ६ लाख ३१ हजार होतात. मध्ये पावणेचार लाखांचा फरक आहे, आणि कोणी त्या दहा लाखांवर पुढचे प्लॅन बांधले असतील तर पंधरा वर्षांनी फार वाईट वाटेल.

चूक का होते ते सोप्पं आहे. तुमचा पहिला हप्ता १५ वर्षं व्याज कमावतो, पण शेवटचा हप्ता फक्त एक महिना. प्रत्येक हप्त्याचं वय वेगळं असतं. हे एवढं डोक्यात ठेवलं की पुढचं सगळं गणित त्यातूनच निघतं, म्हणून खाली एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतोय: पीपीएफ, महिन्याला २००० रुपये. तुमचा हप्ता वेगळा असेल तर रीत तीच राहते, फक्त आकडा बदलायचा.

१. सुरू करायच्या आधी: तीन गोष्टी कागदावर लिहा

पहिली गोष्ट हप्ता. दरमहा नक्की किती जाणार ते लिहा, "जमेल तसं" असं नको. पीपीएफमध्ये आर्थिक वर्षात कमीत कमी ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख भरता येतात, त्यामुळे महिन्याला २००० म्हणजे वर्षाचे २४,००० आरामात बसतात.

दुसरी गोष्ट दर. १ एप्रिल २०२० पासून पीपीएफचा दर ७.१ टक्के आहे. सरकार दर तिमाहीला दराचा आढावा घेतं, म्हणजे हा दर १५ वर्षांसाठी बांधलेला नाही. एफडीसारखा "मी घेतला तेव्हाचा दर" इथे चालत नाही, बदलला तर तुमच्या आधीच्या जमेलाही नवा दर लागतो. तुम्ही वाचताय त्या दिवशीचा चालू दर बघूनच आकडा घाला.

तिसरी गोष्ट लोक विसरतातच: व्याज मोजतात कधी आणि जमा करतात कधी. पीपीएफमध्ये व्याज दर महिन्याला मोजलं जातं पण खात्यात जमा होतं वर्षातून एकदाच, ३१ मार्चला. मधल्या महिन्यांत मोजलेलं व्याज बाजूला लिहून ठेवलेलं असतं, त्यावर व्याज चढत नाही. म्हणजे चक्रवाढ वार्षिक आहे, मासिक नाही.

⚠️ इथे दुसरी कॉमन चूक होते. नेटवर मिळणारा कुठलाही मासिक चक्रवाढीचा कॅल्क्युलेटर उघडून ७.१ टक्के टाकला की उत्तर साधारण ६ लाख ४३ हजार येतं, म्हणजे बारा हजार जास्त. ही चूक पहिलीइतकी मोठी नाही, पण पासबुकशी आकडे जुळेनासे होतात आणि मग माणूस बँकेला दोष देत बसतो.

२. पहिलं वर्ष हाताने करा

शीट नंतर बनवू. आधी एक वर्ष कागदावर केलंच पाहिजे, नाहीतर शीटमध्ये काय चाललंय ते कधीच कळणार नाही.

नियम असा आहे की प्रत्येक महिन्यात ५ तारखेच्या अखेरीपासून महिन्याच्या शेवटापर्यंत खात्यात जी सगळ्यात कमी शिल्लक असेल, तिच्यावर त्या महिन्याचं व्याज मोजतात. समजा तुम्ही एप्रिलपासून दर महिन्याच्या ५ तारखेच्या आत २००० भरताय. मग एप्रिलला व्याज मोजायची रक्कम २०००, मे महिन्याला ४०००, जूनला ६०००, असं करत मार्चला २४,०००. या बारा रकमांची बेरीज करा. २००० गुणिले (१+२+३+...+१२), कंसातली बेरीज ७८, म्हणजे १,५६,०००.

आता १,५६,००० चे ७.१ टक्के म्हणजे ११,०७६, पण ते वर्षाचे झाले आणि आपण मोजतोय महिन्या-महिन्याचं, म्हणून १२ ने भागा. उत्तर ९२३.

पहिल्या वर्षी २४,००० भरले आणि व्याज ९२३ रुपये. इथे खूप जण नाराज होतात, "७.१ टक्के म्हणाले होते, २४,००० चे १७०४ व्हायला पाहिजेत". पण तुमचे २४,००० वर्षभर खात्यात नव्हतेच ना, मार्चचा हप्ता तर जेमतेम एक महिना होता. वर्षभर पडून राहिले असते तर १७०४ मिळाले असते.

✔️ तपासणी: खातं एप्रिलच्या ऐवजी जुलैत सुरू केलं असेल तर मार्चपर्यंत ९ हप्ते होतात, ७८ च्या जागी १ ते ९ ची बेरीज म्हणजे ४५ घ्या. व्याज येतं साधारण ५३२. ३१ मार्चनंतर पासबुकात पहिल्या व्याजाची एन्ट्री दिसते ती तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळते का बघा. एक-दोन रुपये इकडेतिकडे असतील तर चालेल, शंभरेक रुपये कमी असतील तर पायरी ५ वाचा, कारण बहुतेक तिथेच सापडेल.

३. दुसरं वर्ष: चक्रवाढ नेमकी इथे येते

१ एप्रिलला खात्यात २४,९२३ आहेत. त्यातले ९२३ तुम्ही भरलेले नाहीत, पण या क्षणापासून त्यांच्यावर तुमच्या पैशासारखंच व्याज मिळणार. ही एवढीच चक्रवाढ आहे, यात जादू काही नाही.

दुसऱ्या वर्षात दोन प्रवाह चालतात आणि ते वेगवेगळे धरले की गणित एकदम सोपं होतं. एक, जुने २४,९२३ पूर्ण वर्ष पडून राहतात, त्यांचे ७.१ टक्के म्हणजे १७७० रुपये (१७६९.५३). दोन, या वर्षीचे नवे बारा हप्ते, त्यांचं व्याज परत तेच ९२३. एकूण व्याज २,६९३. वर्षाअखेरची शिल्लक २४,९२३ + २४,००० + २,६९३ म्हणजे ५१,६१६.

पुढचं प्रत्येक वर्ष असंच. जुनी शिल्लक गुणिले १.०७१, अधिक २४,९२३. तिसऱ्या वर्षाअखेर ८०,२०३ यायला पाहिजेत. कॅल्क्युलेटरवर आत्ता करून बघा, आलं तर पुढे चला, नाही आलं तर बहुतेक तुम्ही नव्या हप्त्यांवरही पूर्ण वर्षाचं व्याज धरलंय.

४. आता शीट बनवा

गुगल शीट किंवा एक्सेल, काहीही चालेल. पहिल्या ओळीत A ते E ला नावं द्या: वर्ष, सुरुवातीची शिल्लक, भरणा, व्याज, अखेरची शिल्लक. दर आणि हप्ता बाजूला G कॉलममध्ये ठेवा, फॉर्म्युलाच्या आत टाइप करू नका, नाहीतर दर बदलल्यावर पंधरा ठिकाणी दुरुस्ती करत बसाल आणि एखादं नक्की राहील.

```
G1: 7.1%
G2: 2000
A2: 1
B2: 0
C2: =$G$2*12
D2: =B2*$G$1+$G$2*78*$G$1/12
E2: =B2+C2+D2
A3: =A2+1
B3: =E2
```

C2, D2, E2 एक ओळ खाली कॉपी करा, मग तिसरी ओळ पूर्ण सिलेक्ट करून सोळाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. डॉलरची खूण विसरू नका, ती नसली तर ओढताना फॉर्म्युला G1 सोडून G2, G3 कडे सरकतो आणि व्याजाचे आकडे वेड्यासारखे येतात.

✔️ तपासणी: E16 मध्ये ६,३१,१३६ आलं पाहिजे. दुसऱ्या मार्गाने पडताळायचं असेल तर रिकाम्या सेलमध्ये हे टाका, उत्तर तेच यायला हवं:

```
=FV(7.1%,15,-24923)
```

वजा चिन्ह आहे कारण पैसे तुमच्या खिशातून जातायत, ते नाही लावलं तर उत्तर वजामध्ये येतं, घाबरू नका.

शीट तयार झाली की D कॉलम वरून खाली हळूहळू वाचा, घाईने शेवटच्या आकड्यावर उडी मारू नका. पहिल्या वर्षी व्याज ९२३. पाचव्या वर्षाअखेर तुमचे १,२०,००० भरून झालेत आणि शिल्लक १,४३,६१२, म्हणजे पाच वर्षांत मिळून व्याज फक्त २३,६१२. बरेच जण इथेच कंटाळतात आणि मला ते समजतं, पाच वर्षं दर महिन्याला हात आखडून एवढंच दिसत असेल तर मन लागत नाही. पण अजून खाली या. अकराव्या वर्षी व्याज २५,४८७ आहे, म्हणजे पहिल्यांदाच वर्षाचं व्याज तुमच्या वर्षाच्या भरण्यापेक्षा जास्त झालं. पंधराव्या वर्षी एकट्या वर्षाचं व्याज ४१,१११. शेवटच्या पाच वर्षांतही तुम्ही १,२०,००० च भरता, पण व्याज येतं १,६५,१५८. हप्ता तोच, दर तोच, फक्त जुनी शिल्लक मोठी झालेली.

आणि एक प्रामाणिक हिशोब. एकूण व्याज २,७१,१३६. व्याजावर व्याज मिळालंच नसतं, म्हणजे सरळव्याज असतं, तरी १,९२,७६५ मिळाले असते. चक्रवाढीचा स्वतःचा वाटा राहतो ७८,३७१. कमी नाही, पण "पैसा दहापट होतो" वगैरे जे ऐकतो ते या दराला या मुदतीत होत नाही. हीच शीट वीस वर्षांपर्यंत, म्हणजे एकविसाव्या ओळीपर्यंत ओढली तर १०,३२,९५७ दिसतात. म्हणजे पंधरानंतरच्या पाच वर्षांत शिल्लक चार लाखांनी वाढते आणि त्यातले तुमचे फक्त १,२०,०००. चक्रवाढीचा जोर शेवटच्या वर्षांत असतो, म्हणून मधे तोडलेल्या खात्याचं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

५. तारीख सेट करा, आणि पगार उशिरा येत असेल तर एकदाच एक गोष्ट करा

माझा पगार पूर्वी ७ तारखेला यायचा म्हणून मी ऑटो डेबिट ८ ला लावलं होतं. वर्षभर एकही हप्ता चुकला नाही, तरी व्याज आलं ७८१. ९२३ कुठे गेले ते शोधायला मला बराच वेळ लागला. कारण ५ तारखेचा नियम: ८ ला भरलेले पैसे त्या महिन्याच्या हिशोबात येतच नाहीत, ७८ च्या जागी ६६ लागतात. वर्षाला १४२ रुपये कमी.

मोठं नुकसान आहे का? नाही. पंधरा वर्षांत मिळून साधारण ३,६०० रुपयांचा फरक पडतो. पण तो वाचवायला एक रुपयाही जास्त लागत नाही, फक्त तारीख बदलायची.

पगार १ तारखेला येत असेल तर ऑटो डेबिट २ किंवा ३ ला लावा. ५ ला लावू नका, त्या दिवशी सुट्टी आली किंवा व्यवहार अडकला की पैसे ६ ला पोचतात आणि महिना गेला. पगार ५ नंतर येत असेल तर एकदाच एक हप्ता जास्तीचा बाजूला काढा, म्हणजे सप्टेंबरच्या पगारातले २००० सेव्हिंगमध्ये राहतील आणि २ ऑक्टोबरला जातील, तर सप्टेंबरचा हप्ता त्या आधीच्या जास्तीच्या २००० मधून गेलेला असेल. तेव्हापासून तुम्ही कायम एक महिना पुढे राहता.

⚠️ ऑटो डेबिट लावलं म्हणजे झालं असं समजू नका. पहिले तीन महिने ६ तारखेला पीपीएफ खातं उघडून जमा झालेली तारीख बघा. तुमच्या सेव्हिंगमधून कधी गेले त्याला अर्थ नाही, पीपीएफमध्ये कधी पोचले ते बघायचं, विशेषतः दोन खाती वेगवेगळ्या बँकांत असतील तर.

६. शीटला थोडा ताण देऊन बघा

आता G1 मध्ये ६.५% टाका. शेवटचा आकडा ६,००,८०६ होतो, म्हणजे तीस हजारांनी कमी. दर खाली आला तर काय, याचं उत्तर असं आधीच हातात असलेलं बरं. परत ७.१ करून ठेवा.

मग महागाई. वर्षाला ५ टक्के धरली तर पंधरा वर्षांनंतरचे ६,३१,१३६ आजच्या किमतीत साधारण ३ लाख साडेतीन हजारांच्या बरोबरीचे. हे बघून "मग मी भरलेले ३,६०,००० पण परत मिळत नाहीत" असं म्हणू नका, कारण तुमचे नंतरचे हप्तेही त्याच स्वस्त झालेल्या रुपयांत जाणार आहेत. पण एक गोष्ट खरी, पंधरा वर्षं हप्ता २००० वरच ठेवला तर तो हप्ता दरवर्षी लहान होत जातो.

त्यावर उपाय हप्ता वाढवणं. दर एप्रिलला फक्त २०० रुपये वाढवा: २०००, २२००, २४००, पंधराव्या वर्षी ४८००. शीटमध्ये एक F कॉलम घेऊन त्या वर्षाचा हप्ता लिहा आणि C, D मध्ये G2 च्या जागी त्या ओळीचा F वापरा. भरणा होतो ६,१२,००० आणि शेवटी ९,९३,५१७. पगारवाढ एप्रिलमध्ये होत असेल तर त्याच आठवड्यात ऑटो डेबिटची रक्कम बदला, "पुढच्या महिन्यात करू" म्हटलं की ते २०० दुसरीकडे लागतातच.

७. चक्रवाढ कुठे तुटते

हप्ता चुकणं. एक-दोन महिने नाही जमलं तर खातं बंद पडत नाही, नंतर भरता येतात, फक्त त्या महिन्यांचं व्याज जातं. पण पूर्ण आर्थिक वर्षात ५०० सुद्धा नाही भरले तर खातं खंडित होतं, मग दर वर्षामागे ५० रुपये दंड आणि राहिलेले ५०० भरून ते परत चालू करावं लागतं. नोकरी गेली, हातात काही नाही, अशा वर्षीही ५०० तेवढे टाका.

मधेच काढणं. खातं उघडलेलं वर्ष सोडून पाच आर्थिक वर्षं झाली की काही भाग काढता येतो, चार वर्षांपूर्वीच्या किंवा मागच्या वर्षाअखेरच्या शिल्लकेतली जी कमी असेल तिच्या निम्म्यापर्यंत. समजा आठव्या वर्षाच्या सुरुवातीला ५०,००० काढले. आमच्या उदाहरणात ते बसतं. शेवटच्या शिल्लकेतून मात्र ५०,००० नाही, ८६,५५४ कमी होतात, कारण त्या पैशांची पुढची आठ वर्षं गेली. आजारपण असेल, घरचं काही असेल, तर काढायलाच पाहिजेत, पैसे त्यासाठीच आहेत. फोन किंवा बाईकसाठी काढताना किंमत पन्नास हजार न धरता साडेशहाऐंशी धरा. आणि तशी वेळच कमी यावी म्हणून तीन-चार महिन्यांचा खर्च सेव्हिंगमध्ये साठल्यावरच पीपीएफचा हप्ता मोठा करा, आधी नाही.

मुदत चुकीची मोजणं. पीपीएफची १५ वर्षं खातं उघडलेल्या तारखेपासून नाही, त्या आर्थिक वर्षाच्या ३१ मार्चपासून मोजतात. जून २०२५ मध्ये उघडलेलं खातं १ एप्रिल २०४१ ला पूर्ण होतं. म्हणजे प्रत्यक्षात सोळा आर्थिक वर्षांत भरता येतं. एप्रिलपासून सुरू केलं असेल तर शीटची आणखी एक ओळ ओढा, ७,००,८७० दिसतील.

मुदतवाढीचा फॉर्म विसरणं. वर सांगितलेली वीस वर्षांची ओळ खरी व्हायची असेल तर मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत "हप्ते भरून पुढे चालू" असा पाच वर्षांच्या मुदतवाढीचा फॉर्म द्यावाच लागतो. फॉर्म न देता नुसते पैसे टाकत राहिलात तर त्या नव्या पैशांवर व्याज मिळत नाही. खातं उघडलंत त्याच दिवशी फोनच्या कॅलेंडरमध्ये मुदत संपण्याची तारीख टाकून ठेवा, आणि ईमेल किंवा नंबर बदललात तर खात्यावरही बदला.